एका मिलिवॅटचं भांडण

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ‘भट्टी’ म्हणायची. बाईंना हे ठाऊक होतं आणि त्यांची त्याला हरकतही नव्हती. माणसानं हरकत तरी कशाकशाला घ्यायची? प्रयोगशाळेचा नळ वर्षभर गळत होता, पंख्याचं एक पातं वाकडं होतं, आणि दर सत्रात कोणीतरी शहाणा गॅल्व्हानोमीटर थेट बॅटरीला जोडून त्याची सुई वाकवून ठेवत होता. या सगळ्यावर चिडता चिडताच दिवस मावळायचा, मग टोपणनावावर चिडायला वेळ कुठून आणणार.

बाईंचे वडील दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करायचे. लहानपणी बाई त्यांच्या सायकलवर मागे बसून दुकानोदुकानी जायच्या. काटा तेलपाणी करून सरळ केला की अर्ध्या दुकानदारांची तोंडं वाकडी व्हायची. वडील कोणाला काही बोलत नसत, बोलायचं काम घरी येऊन मुलगी करायची. ‘तो माणूस लबाड आहे आणि तुम्ही त्याला नमस्कार करून आलात,’ असं म्हणून ती जेवायला रुसून बसायची. तेव्हापासूनचा हा राग. पुढे शिक्षण झालं, लग्न झालं, केस पिकले, पण रागाला काही पिकणं माहीत नव्हतं.

विभागप्रमुख बरोब्बर उलट. मुलांनी त्यांचं नाव ‘जाऊद्या सर’ ठेवलं होतं, कारण कुठलीही तक्रार नेली की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, “जाऊ द्या हो.” माणूस वाईट नव्हता. हुशार होता, प्रेमळ होता, कोणाच्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावून जाणारा होता. पण भांडण दिसलं की सर दुसऱ्या दारानं बाहेर.

त्या वर्षी संस्थेच्या सचिवांना विज्ञानाचा पुळका आला. कॉलेजच्याच आवारात संस्थेची प्राथमिक शाळा होती. तिथल्या छोट्यांसाठी विज्ञान प्रदर्शन भरवायचं, शनिवारी उद्घाटन करायचं, आणि तिसरीच्या मुलांना एकेक लेसर पॉइंटर भेट द्यायचा. उद्घाटनाच्या वेळी सभागृहात अंधार करायचा, मुलांनी समोरासमोर दोन रांगांत उभं राहून छतावर हिरवे ठिपके नाचवायचे, असा बेत. मस्त दिसेल म्हणाले. पॉइंटरांचं खोकं आलं. पेनाएवढे, चकचकीत, आणि प्रत्येकावर चिकटपट्टी: एक मिलिवॅटपेक्षा कमी, ५३२ नॅनोमीटर.

जाऊद्या सरांनी त्यातलाच एक पॉइंटर बाईंकडे दिला. “आपला लाल जुना झालाय. या वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना यावर करू द्या प्रयोग.”

प्रयोग बाईंचा आवडता. लेसर पॉइंटरमधून सेकंदाला किती फोटॉन बाहेर पडतात ते काढायचं. ऐकायला मोठं वाटतं, करायला चहा गाळण्याइतकं सोपं. बाई दरवर्षी तेच आणि तितक्याच उत्साहानं सांगायच्या.

“प्रकाश म्हणजे सलग धार नव्हे. तो दाण्यादाण्यानं येतो. एक दाणा म्हणजे एक फोटॉन. एका रंगाचे सगळे दाणे सारख्या ऊर्जेचे. ती ऊर्जा काढायची कशी? बाराशे चाळीसला तरंगलांबीनं भागा. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये असली की उत्तर इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये येतं. लाल पॉइंटर सहाशे पन्नासचा, म्हणून १.९१. हिरवा पाचशे बत्तीसचा, म्हणून २.३३. तरंगलांबी कमी तसा दाणा जास्त ऊर्जेचा.”

“इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे काय हो बाई?” हे कोणीतरी विचारायचंच.

“एका इलेक्ट्रॉनला एका व्होल्टानं ढकललं की त्याला मिळते तेवढी ऊर्जा. एवढीशी. ज्यूलमध्ये म्हणाल तर १.६ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात. दाणे मोजायला किलोचं वजन घेऊन बसत नाही ना आपण, तसंच हे छोटं माप. आता हिरव्याचे २.३३ ज्यूलमध्ये करा, येतात ३.७ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात. आणि मिलिवॅट म्हणजे सेकंदाला एक हजारांश ज्यूल. सेकंदाला बाहेर पडलेली एकूण ऊर्जा भागिले एका दाण्याची ऊर्जा, झाली दाण्यांची संख्या. दोन पूर्णांक सात, गुणिले दहाचा पंधरावा घात.”

हे सगळं त्यांनी फळ्यावर लिहिलं, उत्तराला चौकट केली. मग मुलांना मीटर दाखवला. मीटरच्या डोक्याशी एक काळी चकती होती. तिच्यावर प्रकाश पडला की ती किंचित तापते, आणि किती तापली त्यावरून मीटर मिलिवॅट दाखवतो. कोणत्याही रंगाचा प्रकाश चालतो. फक्त आकडा स्थिरावायला थोडा वेळ लागतो. मीटर एकच, मुलं तीस-एक. बाईंना मध्येच प्राचार्यांकडून बोलावणं आलं, त्या गेल्या. परत येईपर्यंत तास संपला होता आणि सगळी जर्नलं व्यवस्थित थप्पी लावून टेबलावर होती.

चार दिवसांनी एक मुलगी बाईंच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. वर्गात तिला ‘किरकिरी’ म्हणायचे, कारण ती प्रत्येक गोष्टीला का विचारायची. आई शिवणकाम करायची आणि मुलगी कापडावर खूण करावी तसं प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीनं टिंब करायची. तिनं जर्नल उघडून ठेवलं. पानभर लाल रेघ, शून्य गुण, आणि जाऊद्या सरांच्या अक्षरात शेरा: ‘आकडे मनाचे. प्रयोग पुन्हा करा.’

“मनाचे नाहीत बाई. मी मीटर लावला होता. आकडा थांबेपर्यंत थांबले होते.”

बाईंनी पाहिलं. पोरीनं शक्ती लिहिली होती वीस मिलिवॅट. फोटॉन काढले होते चोपन्न आणि पुढे पंधरा शून्यं. फळ्यावरच्या उत्तराच्या वीसपट.

“दशांशचिन्ह चुकलं असेल.”

“नाही चुकलं.”

“मग मीटरचं बटण दुसऱ्या श्रेणीवर असेल.”

“नव्हतं. तुम्हीच बघा ना.”

तिचा आवाज बारीक होता पण मागे सरकणारा नव्हता. बाई उठल्या. मनातून त्यांना खात्री होती की पोरीचीच चूक निघणार. त्यांनी आधी जुना लाल पॉइंटर मीटरवर लावला. आकडा हळूहळू चढून नऊ दशांश मिलिवॅटवर थांबला, म्हणजे मीटर ठणठणीत होता. मग हिरवा लावला. आकडा चढला. एक. तीन. आठ. बाईंनी कमरेवर हात ठेवले. चौदा. अठरा. वीसच्या जरा मागेपुढे होऊन तो स्थिरावला.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असं ऐकलं होतं, इथे तर उलटंच होतं. नाव एका मिलिवॅटचं आणि आत वीसपट आग.

पण आणखी एक गोष्ट बाईंना खटकली. वीस मिलिवॅटचा हिरवा ठिपका बघवत नाही इतका भगभगीत असायला हवा. हा तर बेताचाच होता. मग बाकीची शक्ती गेली कुठे? बाईंना हिरव्या पॉइंटरचं पोट ठाऊक होतं. त्यात हिरवा दिवा नसतोच. आत असतो अवरक्त प्रकाश देणारा डायोड, ८०८ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. एक स्फटिक त्याचा १०६४चा प्रकाश करतो, तोही न दिसणारा. दुसरा स्फटिक त्यातल्या दोन दोन फोटॉनांचा एकेक करतो. एकाची ऊर्जा १.१६५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, दोन मिळून २.३३, झाला हिरवा. हे करताना पुष्कळ अवरक्त प्रकाश तसाच उरतो. चांगला कारखानदार तो अडवायला टोकाशी एक बारीकशी काच बसवतो.

त्यांनी कपाटातल्या जुन्या स्लाइड प्रोजेक्टरमधून उष्णता अडवणारी काच काढली. ही काच अवरक्त प्रकाश अडवते आणि हिरवा जाऊ देते. ती पॉइंटर आणि मीटरच्या मध्ये धरली. आकडा उतरू लागला तो दोन मिलिवॅटवर येऊन थांबला. म्हणजे दोन दिसणारे आणि अठरा न दिसणारे.

“आता तुझा मोबाइल आण,” बाई म्हणाल्या. त्यांनी पॉइंटर चिमट्यात पक्का केला, त्याच्यापुढे रंग वेगवेगळे करणारी बारीक रेघांची जाळी लावली. भिंतीवर मधला ठिपका, आणि बाजूला हिरवे ठिपके. “मधल्याच्या शेजारचा हा पहिला ठिपका. त्याच्या लगेच पलीकडे तुझ्या डोळ्यांना काही दिसतं?”

“मोकळी भिंत.”

“आता पुढच्या कॅमेऱ्यातून भिंतीकडे बघ, त्याला अवरक्तही थोडा दिसतो. धारेकडे नाही, भिंतीकडे.”

मुलीनं मोबाइल धरला. पडद्यावर हिरव्या ठिपक्याच्या पलीकडे, भिंतीवर जिथे काहीच नव्हतं तिथे, जांभळट पांढरा पसरट डाग होता. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे बाईंनी हजारदा ऐकलं होतं. पण इथे फसणार होती तिसरीची पोरं.

“काचच बसवली नाही मेल्यांनी,” बाई म्हणाल्या. रागानं त्यांचे कान लाल झाले होते. “पैशा-दोन पैशांची काच वाचवायला पोरांच्या डोळ्यांशी खेळ. आणि वर चिकटपट्टी लावलीये, निर्लज्जपणे.”

“म्हणजे माझं उत्तर बरोबर होतं?”

“नाही. तू सगळे फोटॉन हिरवे धरलेस. अठरा मिलिवॅटचे दाणे अवरक्त आहेत. ढोबळमानानं ८०८चे धर आणि काढ बघू.”

मुलगी तिथेच टेबलावर वाकली. बाराशे चाळीस भागिले आठशे आठ, १.५३ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ज्यूलमध्ये सुमारे २.४५ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात. अठरा मिलिवॅट भागिले तेवढे. तिनं उत्तर लिहिलं, टिंब केलं आणि वर बघितलं. “त्र्याहत्तर आणि पंधरा शून्यं. दर सेकंदाला.”

“आणि हिरवे?”

“सव्वापाच-साडेपाच आणि पंधरा शून्यं.”

“तुझं उत्तर चुकलं होतं,” बाई म्हणाल्या, “पण मोजलेलं होतं. इतरांचं बरोबर होतं आणि मोजलेलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. चल माझ्याबरोबर.”

जाऊद्या सरांनी सगळं ऐकून घेतलं. मीटरवरचा आकडा पाहिला, मोबाइलमधला डाग पाहिला. मग चष्मा कपाळावर सरकवला.

“पण बाई, हिशेबानंच बघा ना. अवरक्त फोटॉन दीड इलेक्ट्रॉनव्होल्टचा, हिरवा सव्वादोनच्या वर. म्हणजे अवरक्त उलट मवाळ. दगडापेक्षा वीट मऊ. आपल्या टीव्हीच्या रिमोटमधूनही अवरक्तच निघतो, कोणाचे डोळे गेलेत त्यानं?”

चूक अशी की ती भौतिकशास्त्राच्या माणसालाच सुचावी. दुसऱ्या कोणाला इलेक्ट्रॉनव्होल्ट माहीतच नसतात.

“मोहरीचा एक दाणा हरभऱ्यापेक्षा हलका, म्हणून मोहरीचं पोतं पायावर पडलं तर लागणार नाही का सर? एक दाणा किती ऊर्जेचा ते विचारताय, मग सेकंदाला दाणे किती तेही विचारा. त्र्याहत्तर आणि पंधरा शून्यं. दोन्हींचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि डोळ्याचा पडदा भाजतो तो शक्तीनं. रिमोटचा प्रकाश खोलीभर पसरतो. हा अरुंद धारेत येतो, आणि डोळ्याचं भिंग तो गोळा करून आणखी बारीक जागेवर टाकतं. भगभगीत हिरवं दिसलं तर पापणी निदान आपोआप मिटते. जे दिसतच नाही त्याला पापणी मिटेल कशी? पोरगं ‘मंद तर आहे’ म्हणून बघत बसेल.”

सरांना पटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण पटणं वेगळं आणि सचिवांना सांगणं वेगळं.

“उद्घाटन परवावर आलंय. आता कुठे… मुलांना सांगू की डोळ्यांत मारू नका.”

“तिसरीच्या पोरांना? अंधारात? समोरासमोर उभं करून?”

“जाऊ द्या हो बाई.”

“कोणाच्या डोळ्यात जाऊ देऊ?” बाई म्हणाल्या आणि खुर्ची मागे ढकलून निघाल्या.

घरी वेगळीच आघाडी उघडली होती. बाईंची नणंद त्याच शाळेत तिसरीला शिकवायची, लग्न न केलेली, त्यांच्याकडेच राहायची. तिनं आठवडाभर घसा फोडून मुलांच्या रांगा बसवल्या होत्या. बाईंनी पॉइंटरचं सांगितलं तशी तिनं भाजीची सुरी खाली ठेवली.

“वहिनी, तुझं नेहमीचंच असतं. काही चांगलं चाललं की तुला त्यात खोट दिसते. पोरं स्वप्नं बघताहेत त्या हिरव्या ठिपक्यांची.”

“स्वप्नं बघायला डोळे लागत नाहीत, बाकी सगळं बघायला लागतात.”

“बोलण्यात तुला कोण हरवणार.” ती फुरंगटून बसली. बाईंचा नवरा मध्ये पडणारा नव्हता, तो भाकरी मोडत ताटात बघत होता. थोड्या वेळानं नणंदच हळू आवाजात म्हणाली, “किती धोका आहे खरं सांग. चिडून नको सांगूस.”

बाईंनी चिडून सांगितलं नाही. उद्याची भाजी निवडता निवडता सांगितलं, मोहरीचं पोतं, पापणी, सगळं. नणंद ऐकत राहिली. मग म्हणाली, “काल ते दोघे जुळे भाऊ पॉइंटर कधी मिळणार विचारत होते. एकाला चष्मा आहे जाड.” आणि उठून गेली. स्वयंपाकघराच्या दारात तिनं पदरानं नाक पुसलेलं बाईंना दिसलं.

दुसऱ्या दिवशी बाई प्राचार्यांच्या खोलीत. प्राचार्य शांतपणे म्हणाले, “मी तुमच्या विभागाची जर्नलं मागवली. एकूण एक मुलानं शक्ती लिहिलीये एक मिलिवॅट. कोणी नऊ दशांश, कोणी एक पूर्णांक एक. विभागप्रमुखांच्या सह्या आहेत. एकीनं वीस लिहिलं, तिला सरांनी शून्य दिलंय. आता मी सचिवांना काय सांगू? सगळे खोटे आणि ती एक खरी?”

बाईंच्या तोंडाशी आलं होतं की होय, सगळे खोटे. पण एका मीटरच्या जोरावर तीस जर्नलांचा खोटेपणा प्राचार्यांसमोर सिद्ध कसा करणार? त्या तशाच उठून वर्गात गेल्या. पोरांचा गलका थांबला. बाईंचा चेहरा बघून शेवटच्या बाकावरच्यानं मोबाइल खिशात घातला.

“उद्या शाळेतल्या पोरांना पॉइंटर वाटणार आहेत,” बाई म्हणाल्या. “तो पॉइंटर एक मिलिवॅटचा नाही, वीसचा आहे, आणि त्यातले अठरा दिसत नाहीत. प्राचार्यांना ते पटत नाही, कारण तुम्ही सगळ्यांनी एक लिहिलंय. मला एवढंच सांगा, मीटरकडे कोणी बघितलं होतं?”

खिडकीशी बसलेला एकजण पेन फिरवत राहिला.

“गुण कापणार नाही. शब्द देते.”

पेन फिरवणाऱ्यानंच शेवटी तोंड उघडलं. “बाई, रांग मोठी होती. आकडा थांबायला वेळ लागत होता. आणि उत्तर तर फळ्यावर होतंच. तुम्हीच लिहिलं होतं, चौकटीत. मग आम्ही उलटं केलं. उत्तर घेतलं, शक्ती काढली, थोडं मागेपुढे केलं. खरं वाटावं म्हणून. आम्ही प्रत्येक प्रयोगात असंच करतो. सगळेच करतात. मागच्या वर्षीचेही करायचे.”

बाईंचा राग पहिल्यांदाच अडला. ज्याच्यावर चिडायचं तो फळ्यावर स्वतःच्या अक्षरात उभा होता. उत्तर आधी द्यायचं आणि मग मोजायला लावायचं, यापेक्षा मोजूच नका म्हणून सांगितलेलं बरं.

“चला,” त्या म्हणाल्या. “हेच प्राचार्यांसमोर बोलायचं. आधी मी बोलते, उत्तर मी लिहिलं होतं म्हणून.”

अख्खा वर्ग प्राचार्यांच्या खोलीत मावेना, निम्मे बाहेर उभे राहिले. बाई बोलल्या, मग मुलं बोलली, एकानं सुरुवात केल्यावर बाकीच्यांनाही कंठ फुटला. किरकिरीनं मीटर टेबलावर ठेवला, खोक्यातून प्राचार्यांनीच उचलून दिलेला पॉइंटर लावला आणि सगळे आकडा थांबायची वाट बघत राहिले. तो वीसच्या आसपास थांबला. दुसरा लावला. तो तेवीसवर. प्राचार्यांनी डोळे चोळले आणि सचिवांना फोन लावला. सचिव फोनवर पुष्कळ ओरडले, ते दारापर्यंत ऐकू येत होतं. पण छोट्यांचे डोळे म्हटल्यावर त्यांचाही आवाज खाली आला. वाटप रद्द झालं आणि खोकं प्रयोगशाळेत ठेवायला दिलं. जाऊद्या सर मागच्या रांगेत उभे होते. त्यांनी मुलीच्या जर्नलवरची लाल रेघ खोडून पुढे सही केली आणि कोणाकडे न बघता बाहेर गेले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. सगळ्यांना वाटलं संपली. नणंदेनं रात्रीतून पोरांसाठी रंगीत कागदी चष्म्यांचा बेत जुळवला, उद्घाटन झालं, टाळ्या पडल्या.

सोमवारी बाई प्रयोगशाळेत आल्या तर दाराशी पुरवठादाराचा माणूस उभा, हातात परतीचा कागद. साधा, घामाघूम माणूस. “मालात खोट निघाली म्हणे बाई. काही हरकत नाही, खोकं द्या. आमच्या मालकांनी सांगितलंय, दुसरीकडे देऊ. मागणी भरपूर आहे.”

“दुसरीकडे म्हणजे?”

“शाळाच आहेत सगळ्या. पोरांना आवडतात ना.”

बाईंनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग आत जाऊन दार ओढून घेतलं. किरकिरी आणि पेन फिरवणारा मुलगा जर्नल लिहीत बसले होते. बाईंनी सगळ्या पॉइंटरांच्या बॅटऱ्या काढायला त्यांना बसवलं आणि स्वतः जाड चष्मा चढवून, पकड आणि हातोडी घेऊन कोपऱ्यातल्या लोखंडी शिकंज्यापाशी उभ्या राहिल्या. एकेक पॉइंटर शिकंज्याच्या जबड्यात आवळायचा आणि एकच घाव. पितळ चेपायचं, आतले स्फटिक साखरेसारखे फुटायचे. मागची कित्येक वर्षं तोंडानं काढलेला राग त्या दिवशी हातातून निघत होता. दोन पॉइंटर त्यांनी मोजण्यापुरते कपाटात ठेवले, कुलूप लावून.

आवाज ऐकून प्राचार्य धावत आले. टेबलावर चेपलेल्या पितळाचा ढीग बघून ते दारातच थबकले.

“हे… हे मी नोंदीत काय दाखवू?”

“प्रयोग करताना मोडलं असं लिहा. मोडणाऱ्याच्या पगारातून कापायची पद्धत आहे, माझ्या कापा.”

पुरवठादाराचा माणूस रिकामं खोकं हातात घेऊन उभा होता. चिडला नाही, उलट त्याला बाईंची कीव आली असावी. “कशाला एवढं मनाला लावून घेता बाई. आता हे मोडलेत, पण नदीपलीकडच्या शाळेत याच मालाचं खोकं मागच्या आठवड्यातच पोचवलंय मी. त्यांनी वाटलेसुद्धा.”

बाईंनी हातोडी ठेवली, चष्मा उतरवला, हातांवरची पितळाची पूड साडीला पुसली. मग मीटर त्याच्या पेटीत घातला, प्रोजेक्टरची काच रुमालात गुंडाळून पिशवीत टाकली, आणि किरकिरीला म्हणाल्या, “तुझं जर्नलही घे. मोजून दाखवायला तू लागशील.”

मग त्या माणसाकडे वळल्या. “गाडी आणलीयेस ना? चल, ती शाळा दाखव.”